सुरईचे तीन तुकडे

"फुटलं म्हणताय ना, मग मला तुकडे मोजून दाखवा," असं ती एकदा मुकादमाला सगळ्यांसमोर म्हणाली होती.

मुकादम म्हणजे त्यांचा सुपरवायझर. हे नाव त्याच्या पाठीमागे पाणीबुवाने ठेवलेलं होतं, आणि पाणीबुवा हे नाव पाणीबुवाला तिने ठेवलेलं होतं. तिला मात्र सगळा स्टुडिओ काचताई म्हणायचा, तोंडावरसुद्धा. सिनेमात आणि जाहिरातींत जे खरोखर घडवणं महाग पडतं, किंवा घडवलं तर कुणाच्या तरी डोळ्यात जातं, ते हा स्टुडिओ कॉम्प्युटरवर घडवून द्यायचा. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला लागून दोन टेबलं. एकावर काचा फुटायच्या, दुसऱ्यावर पाणी सांडायचं. "आमचं खातं नुकसानीचं," असं पाणीबुवा नव्या माणसांना सांगायचा.

कामाची वाटणी सोपी होती. दूधभरला पेला पडणार असेल, तर आधी काचताई पेला फोडून द्यायची. प्रत्येक तुकडा कुठे उडाला, कसा फिरला, कुठे थांबला, हे ठरलं की मग पाणीबुवा त्यात दूध ओतायचा. दूध काचेला चुकवून वाहायचं, पण काचेला हलवायचं नाही. काच आधी, पाणी मागून. हा शॉर्टकटच होता, पण तो कुणाला दिसत नसे. काच आणि पाण्याने एकमेकांना ढकलायचं म्हटलं तर मशीन दिवस दिवस गणित करत बसतं, आणि तेवढा दम कुठल्याही गिऱ्हाइकाला नसतो.

पाणीबुवाने या धंद्यात येऊन बरीच माणसं पाहिली होती. बहुतेकजण काच फोडताना एकच युक्ती करत. वस्तूचे सारख्या आकाराचे तुकडे पाडायचे, ते जोरात उधळायचे आणि वर धुरळा मारायचा. वेग दिसला की डोळा फसतो. काचताईला ते चालायचं नाही. घाव बसतो तिथे तुकडे बारीक पडतात, लांब जावं तसे मोठे आणि लांबोळके होतात, जाड तळ बहुधा सगळ्यात कमी फुटतो, आणि गोल कडेचा तुकडा सगळे निजल्यावरसुद्धा जमिनीवर डुलत राहतो, हे तिने वाचून नाही, फोडून शिकून घेतलं होतं. स्टुडिओच्या मागच्या अंगणात ती भंगारातून आणलेल्या बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या डोळ्यांना गॉगल लावून सोडून द्यायची, आणि भाड्याने आणलेल्या वेगवान कॅमेऱ्याने एका क्षणाची हजार चित्रं काढायची. मग ती हजार चित्रं एकेक करून बघायची, जशी बाकीची माणसं लग्नाचा अल्बम बघतात.

"तडा जाताना दिसतो का कधी?" पाणीबुवाने एकदा विचारलं होतं.

"नाही रे. या चित्रात अख्खी असते, पुढच्यात गेलेली असते. मधे काही नाहीच. कॅमेरा कितीही पळव, मधलं सापडत नाही." ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पडद्यावर टकटक करत म्हणाली, "आपल्याला दिसतं ते सगळं नंतरचं. वेगळं होणं. ते मात्र सावकाश असतं, आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं असतं. ते नीट दाखवलं की झालं."

ती पेन्सिल हा तिचा तुकडे मोजायचा काटा होता. शॉट तयार झाला की ती पडद्याला नाक लावून बसायची. चित्र थांबवायचं, प्रत्येक तुकड्यावर एक टक. पुढचं चित्र, पुन्हा टक टक टक. आधीच्या चित्रात जितके होते तितकेच निघाले पाहिजेत. एखादा कमी पडला तर तो कशाच्या आड गेला, आणि आड गेला तर पलीकडून कधी बाहेर येतो, हे सापडेपर्यंत ती चहालासुद्धा उठायची नाही.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. पाणीबुवा एकदा त्यांच्याकडे गेला होता, काचताईचा कॉम्प्युटर बंद पडला होता तेव्हा. दार आईने उघडलं. ठेंगणी, चटपटीत बाई, केस पांढरे आणि जीभ अजून काळीभोर. "या. तुम्ही सांडणारे का? बसा. लोकांच्या पोरी घर सांभाळतात, माझी फोडते आणि वर पगार घेते. आणि तुम्ही तिचे साथीदार."

"आई, पुरे," आतून आवाज आला.

"पुरे काय पुरे? या घरात एक पेला वर्षभर टिकत नाही. ही सगळे पळवते. एवढी एक सुरई राहिली आहे बघा, ती मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते." आणि तिने त्याला त्या सुरईतूनच पाणी ओतून दिलं. हिरवट, जाड काचेची, बुटक्या पोटाची आणि लांब मानेची. काचेत बुडबुडे अडकलेले. "हिच्या हाती देऊ नका हं. ही बघेल तिच्याकडे आणि हिला वाटेल, कशी फुटेल."

काचताई हसली. तिच्या हसण्यावरून पाणीबुवाला कळलं की हा विचार तिने खरोखरच केलेला होता.

मग नवं मशीन आलं. एआय. वाक्य लिहायचं, "खिडकी फुटते, तुकडे सावकाश खाली येतात", आणि कपभर चहा संपायच्या आत चित्र हजर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. प्रकाश सुंदर, काच सुंदर. काचताईने पेन्सिल काढली. तुकडे मोजता येईनात. एक तुकडा पडता पडता शेजारच्यात विरघळायचा, मेणासारखा. दोघांचा एक, एकाचे तीन. कडा पुसट व्हायच्या, जणू कुणी ओल्या चित्रावरून बाही फिरवली. एक मोठी चिरफळी टेबलाच्या पायामागे गेली ती गेलीच, पलीकडून आलीच नाही. पाणीबुवानेही पाणी लिहून पाहिलं. ते पेल्यातून बाहेर पडलं, टेबलावर पसरलं, आणि पेला तरी भरलेलाच राहिला.

"कोण मोजणार आहे?" मुकादम म्हणाला, आणि तेव्हाच ती ते तुकडे मोजून दाखवायचं वाक्य बोलली. मुकादम वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाइकं त्याचा गळा धरत होती आणि त्याला दुसऱ्या कुणाचा तरी गळा हवा होता. तो म्हणाला, "बरं बाई, तू मोज." तेव्हापासून दोघांचं काम बदललं. मशीन काढेल त्या चित्रांची डागडुजी. काचताई प्रत्येक तुकड्यावर रंगाचा ठिपका बसवायची आणि त्याचा माग काढायची. जिथे तुकडा दुसऱ्यात मिसळला, तिथे लाल. लाल जास्त झाले की चित्र परत. तीन शॉट आले तर दोन परत जायचे.

आई गेली ती याच काळात.

स्टुडिओत एवढंच कळलं की मेंदूत रक्तस्राव झाला, स्वयंपाकघरात पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. पाणीबुवा आणि त्याची बायको जाऊन बसून आले. काचताई नीट बोलत होती, नीट बसली होती. कुणीतरी पाणी मागितलं तेव्हा तिने स्वतः उठून आणलं, स्टीलच्या तांब्यातून. पाणीबुवाची नजर ओट्यावर गेली. सुरईची जागा रिकामी होती. 

ती कामावर परत आली. पूर्वीसारखीच यायची, पूर्वीसारखीच जायची. पण एक दिवस मुकादम खुशीत येऊन पाणीबुवाला म्हणाला, "काचताई सुधारली रे. दुकानाच्या काचेचा शॉट एका फटक्यात पास केला." पाणीबुवाने तो शॉट काढून पाहिला. काच फुटत होती, आणि अर्ध्या वाटेवर सगळे तुकडे एकमेकांत मिसळून एक चकचकीत ओघळ होऊन खाली येत होता. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. तिने त्यावर एकही लाल ठिपका दिलेला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत जिन्यात डबा खाताना तो म्हणाला, "ताई, दुकानाच्या काचेचं बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

"मग?"

"दिसलं मला." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "आता मला आठवतंसुद्धा तसंच. मग मशीनला काय नावं ठेवू?"

पाणीबुवाला काही उमगलं नाही. तिने डबा बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मी घरून काम करत होते," ती म्हणाली. "काचेचा दरवाजा फुटतो त्या शॉटवर आवाज चढवून आला होता. तुकडे आवाजाबरोबर पडतात की नाही ते बघायचं होतं. कानाला हेडफोन. तोच शॉट, पुन्हा पुन्हा. फुटतोय, थांबतोय, फुटतोय. मी मान न वळवता ओरडले, आई, पाणी आणतेस का गं. तिने ओ दिली. मग आवाज आला."

"कसला?"

"काचेचा. एक जास्तीचा. मला वाटलं, आवाजवाल्याने मागून दुसरा थर घातलाय." ती थांबली. खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं. "आणि मी मनात म्हटलं, हा चांगला आहे. हा खरा वाटतो."

पाणीबुवाने हातातला घास डब्यात परत ठेवला. 

"मी उठले नाही रे. पुन्हा चालवला शॉट. पुन्हा. जास्तीचा आवाज परत येईना, तेव्हा हेडफोन काढला. किती वेळ गेला असेल, मला सांगता येत नाही. दोन मिनिटं, दहा मिनिटं. सगळं एकात एक मिसळलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. पडायच्या आधीच गेल्या असतील. डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात."

"मग तसंच असेल, ताई."

"तीन तुकडे होते," ती म्हणाली. "सुरई ओट्यापाशी फुटली होती, खुणा तिथे आहेत फरशीवर. बारीक काच सगळीकडे. पण तीन मोठे तुकडे, तळ, मान आणि पोटाचा एक, ते तिन्ही भिंतीकडेला, मोरीच्या जाळीपाशी, शेजारी शेजारी. कुणी यायच्या आधी पाहिलेत मी. कुणाचा पाय लागलेला नाही. आणि आई त्यांच्या अलीकडे, कुशीवर." तिने हाताने हवेत जागा दाखवली. "माझ्या लहानपणापासून घरात काही फुटलं की ती आधी मोठे तुकडे उचलून भिंतीकडेला ठेवायची. मी अनवाणी फिरते म्हणून. मग झाडू आणायची."

आता पाणीबुवाला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं. सुरई हातातून निसटली तेव्हा आई उभी असेल, शुद्धीत असेल, तिने वाकून तुकडे गोळा केले असतील, आणि मग कोसळली असेल, तर मधे वेळ होता. त्या वेळात काचताई आवाज ऐकून उठली असती तर.

"बोटाला काही लागलेलं होतं का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. पण तिला कधीच लागायचं नाही."

 मग ती नेहमीच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "फरशीला मोरीकडे उतार आहे. मी गोटी सोडून मोजला. सुरई जवळजवळ भरलेली होती. पाणी तिकडेच गेलं असणार. काच मी फोडून ठेवली आहे, घरच्या कॉम्प्युटरवर. जशीच्या तशी. जाडी, उंची, सगळं. तू पाणी घाल. पण काच आधी, पाणी मागून असं नको. दोघांनी एकमेकांना ढकलायला पाहिजे. पाण्याने ते तीन तुकडे तिथे नेले का, तेवढंच मला बघायचं आहे."

"आणि नेले असतील तर?"

"तर ती वाकली नव्हती," काचताई म्हणाली. "तर डॉक्टर खरं बोलले."

पाणीबुवाने ते काम घेतलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि हो म्हणण्यासारखंही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओतली मशीनं मोकळी असायची. त्याने मुकादमाला सांगितलं, पाण्याची एक चाचणी करायची आहे. मुकादम म्हणाला, "कर बाबा, वीजबिल माझ्या बापाचं नाही."

काचताईने दिलेली फाइल उघडली तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत राहिला. तिने स्वयंपाकघर बांधलं होतं, पण भिंतींना रंग नव्हता, ओट्यावर भांडी नव्हती. करडी फरशी, करडा ओटा, मोरीची जाळी, आणि हवेत सुरई. फक्त सुरई तिने पुरती केली होती. आतले बुडबुडेसुद्धा. आईला कुठेच केलेलं नव्हतं. जिथे हात असायला हवा तिथे काही नव्हतं, सुरई आपली आपण सुटत होती.

त्याने पाणी भरलं आणि गणित लावून दिलं. मशीनचे पंखे घोंघावायला लागले. तो खिडकीचा पडदा बाजूला करून रस्त्याकडे बघत उभा राहिला. समोरच्या इमारतीत एक माणूस दोरीला लोंबकळून खिडक्या पुसत होता.

चित्र तयार झालं. सुरई तळाच्या कडेवर आपटली. एका चित्रात अख्खी, पुढच्यात गेलेली. मग काच बाजूला व्हायला लागली आणि पाणी, क्षणभर, सुरईच्याच आकारात उभं राहिलं. पोट, खांदे, मान, सगळं पाण्याचं. पाणीबुवाने हे शेकडो वेळा केलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला ते आवडायचं. आज त्याला ते बघवेना. मग तो आकार खाली बसला, फरशीवर पातळ चादर होऊन पळाला, चादरीच्या कडेचे धागे झाले, धाग्यांचे थेंब. तुकडे आपापल्या गतीने गिरक्या घेत, एकेक ओळखू येईल असे, खाली आले. प्रत्येकाची कड धारदार होती. कुणी कुणात मिसळलं नाही.

आणि पाणी उताराने निघालं. बारीक कणी त्याच्याबरोबर निघाली, काही चिरफळ्या थोड्या सरकल्या. मान नळीसारखी गोल होती, ती घरंगळत गेली आणि थेट मोरीच्या जाळीला जाऊन टेकली. पाणीबुवा पुढे वाकला. पोटाच्या तुकड्याने पाण्यात अर्धी गिरकी घेतली, डुलला आणि तिथेच राहिला. तळ हललाच नाही. पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी गेलं आणि पुढे पुन्हा एक झालं.

त्याने सुरई काठोकाठ भरून पुन्हा चालवलं. तळ हलला नाही. फरशी आणखी ओली, आणखी गुळगुळीत केली. तळ नखभर सरकला. बोटभर खोलीचं पाणी नसताना तेवढ्या जाड काचेला कोण हलवणार? हे त्याला चालवायच्या आधीही ठाऊक होतं. आणि तिला? तिने आयुष्यभर तेच केलं होतं. पण ती पाण्याकडे आशेने आली होती. पाण्यातलं आपल्याला सगळंच कुठे कळतं, असं तिने स्वतःला समजावलं असणार.

म्हणजे ती म्हातारी वाकली होती. एक हात ओट्यावर टेकवून, काळजीने, आधी तळ, मग पोटाचा तुकडा. मान कदाचित तिथे आधीच जाऊन पडलेली असेल, तिच्याशेजारी तिने ते दोन ठेवले असतील. पोरगी अनवाणी फिरते. मग झाडू आणायला सरळ झाली असेल. आणि पलीकडच्या खोलीत एक दरवाजा फुटत होता, थांबत होता, फुटत होता.

पाणीबुवाने दुपारचा डबा उघडला नाही. त्याला बायकोचं बोलणं आठवलं. ती नेहमी म्हणायची, "तुम्हाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. निम्मं बोलता आणि निम्मं तोंडावर दिसतं." पण पडद्यावर त्याला बोलता यायचं. तोच त्याचा धंदा होता. गिऱ्हाइकाला दारू पेल्यातून वर उसळलेली हवी असे, तो उसळवायचा. समुद्र जरा सावकाश हवा असे, तो सावकाश करायचा. आकडे असतात, आकडे फिरवायचे. कुणाचं काय गेलं?

त्याने काचेचं वजन कमी केलं. काच पाण्याच्या अडीच पट जड असते, त्याने ती बुचाइतकी हलकी केली. फरशी थोडी निसरडी केली. उतार जरासा वाढवला, गोटीला कळला नसता इतका. पुन्हा पंखे घोंघावले.

या वेळी तिन्ही तुकडे निघाले. मान पुढे, तिच्यामागे पोट, आणि सगळ्यांत शेवटी तळ, सुकलेलं पान ओढ्यातून जावं तसा. भिंतीकडेला जाऊन तिन्ही शेजारी शेजारी थांबले. सुंदर दिसत होतं. त्याने आयुष्यात केलेल्या पाण्यापैकी सगळ्यात हळुवार पाणी ते होतं. त्याने आधीच्या खऱ्या चाचण्यांच्या फाइली पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा ती त्याच्या टेबलाशी आली आणि त्याची खुर्ची ओढून बसली. तो बाजूला उभा राहिला.

"झालं?"

"झालं."

"बघितलंस तू?"

"बघितलं. गेले ते, ताई. पाण्यानेच नेले." त्याने ही वाक्यं रात्रीपासून घोळवून ठेवली होती, तरी ती त्याच्या कानाला दुसऱ्या कुणाची वाटली.

तिने चालवलं. सुरई पडली, फुटली, पाणी उभं राहिलं. तिथे तिचा हात जरा हलला, जणू तिला कुणीतरी हाक मारली. मग पाणी बसलं, पळालं, आणि तीन तुकडे एकामागून एक मोरीकडे गेले. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज होता. तुकडे थांबले तेव्हा तिने डोळे मिटले, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. पाणीबुवाला वाटलं, बरं केलं. त्या एका क्षणात त्याला अगदी मनापासून वाटलं की आपण बरं केलं.

मग तिने डोळे उघडले. चित्र मागे नेलं. केसांत खोचलेली पेन्सिल काढली.

"काचेचं वजन काय ठेवलंस?"

"काचेचंच," पाणीबुवा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती एकेक चित्र पुढे नेऊ लागली. पेन्सिलीचं मागचं टोक पडद्यावर टेकायचं, उचललं जायचं. मानेवर टक. मान घरंगळत होती, तिच्यामागून पेन्सिल गेली. पोटाच्या तुकड्यावर टक. तो तरंगत होता. पेन्सिल जरा रेंगाळली, पण त्याच्याबरोबर गेली. मग तळावर टक. पुढचं चित्र. तळावर टक. पुढचं. तळाने फरशी सोडली होती. त्याच्याखाली पाण्याची एक बारीक, उजळ रेघ होती, आणि रेघेवर तो जाड हिरवा तळ, आतल्या बुडबुड्यांसकट, बिनबोभाट चालला होता.

पेन्सिल तिथे थांबली. पुढचं चित्र आलं नाही.

  पाणीबुवाला दिसत होता तो फक्त तिचा हात, आणि पडद्याच्या उजेडात तिचं नख, कडेला जरासं तुटलेलं. जिन्यातून माणसं परतल्याचे आवाज यायला लागले. मुकादम कुणाला तरी हसत हसत शिव्या देत होता.

तिने पेन्सिल त्याच्या टेबलावर ठेवली, कीबोर्डच्या कडेला, सरळ. पडदा बंद केला. उठली, खुर्ची परत होती तिथे सरकवली, आपल्या टेबलावरची पिशवी खांद्याला लावली, जिन्यातून वर येणाऱ्या माणसांना बाजूला होऊन वाट दिली, आणि खाली उतरून गेली.